विश्लेषण: ताळेबंद जुळला, तरी उत्तर चुकू शकते! नव्या भागीदाराच्या प्रवेशाचे गणित सोडवायचे कसे?

बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर परीक्षेच्या दिवसांत एक फोटो हमखास फिरतो. पुस्तकाचे किंचित तिरपे पान, एका कोपऱ्यात अंगठा, मध्ये दोन बाजूंचा ताळेबंद आणि खाली पाच-सहा ओळींच्या अटी. सोबत एकच वाक्य: ‘कोणी सोडवून देईल का?’ गणित असते भागीदाराच्या प्रवेशाचे. अनेक जण ते सोडवतात, ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळतो आणि तरीही भांडवलाचे आकडे पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाहीत. असे का होते? या प्रकरणात रक्कम कोणत्या प्रमाणात वाटायची यावर सगळे अवलंबून असते आणि प्रमाण चुकले तर ताळेबंद ते सांगत नाही. एक नमुना गणित सुरुवातीपासून सोडवून हे पाहू.

फोटोत काय दिले आहे?

माधव आणि केशव हे 3:2 या प्रमाणात नफा-तोटा वाटून घेणारे भागीदार. 31 मार्च 2025 रोजी त्यांच्या संस्थेचा ताळेबंद असा:

देयता: धनको 48,000, देय विपत्र 12,000, सर्वसाधारण राखीव निधी 20,000, माधवचे भांडवल 1,20,000, केशवचे भांडवल 80,000. एकूण 2,80,000.

मालमत्ता: इमारत 1,00,000, यंत्रसामग्री 60,000, मालसाठा (आकडा अंगठ्याखाली), ऋणको 40,000 वजा संशयित कर्ज निधी 2,000, म्हणजे 38,000, बँक 38,000. एकूण 2,80,000.

1 एप्रिलला सतीशला पुढील अटींवर भागीदार करून घेतले:

सतीश भांडवलापोटी 60,000 रुपये आणि ख्यातीतला आपला वाटा रोख आणेल. नवे प्रमाण 5:3:2 राहील. ख्यातीचे मूल्य गेल्या चार वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दुप्पट धरावे. चार वर्षांचे आकडे: नफा 44,000, नफा 52,000, तोटा 6,000, नफा 70,000. इमारतीची किंमत 20 टक्क्यांनी वाढवावी. यंत्रसामग्रीची किंमत 54,000 पर्यंत कमी करावी. मालसाठा 40,000 ला धरावा. ऋणकोंवर 10 टक्के संशयित कर्ज निधी ठेवावा. वीजबिलाचे 3,000 रुपये देणे असून त्याची पुस्तकात नोंद नाही.

अंगठ्याखालचा आकडा कसा शोधायचा?

ही अडचण सोपी आहे. देयतेची बेरीज 2,80,000 आहे, म्हणजे मालमत्तेचीही तेवढीच हवी. दिसणाऱ्या मालमत्ता 1,00,000 अधिक 60,000 अधिक 38,000 अधिक 38,000, म्हणजे 2,36,000. उरले 44,000, तोच मालसाठा. इथे ऋणकोंचे 40,000 बेरजेत धरायचे नाहीत. ते आतल्या रकान्यात असतात. तिरप्या फोटोत आतला आणि बाहेरचा रकाना एकमेकांत मिसळतात आणि घोटाळा होतो. गणित सोडवायला घेण्यापूर्वी फोटोतल्या दोन्ही बाजूंची बेरीज एकदा स्वतः करून पाहावी. ती जुळली नाही, तर एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे किंवा शेजारच्या ओळीचा घेतला आहे. बेरजेवरून एकच झाकलेला आकडा सापडतो. दोन झाकले असतील तर नवा फोटो मागवण्याला पर्याय नाही.

खरी अडचण खालच्या अटींची. फोटोच्या उजव्या कडेला ओळीचा शेवटचा शब्द कापला जातो आणि बरेचदा नेमका तोच महत्त्वाचा असतो. ‘यंत्रसामग्री 54,000 पर्यंत कमी करावी’ म्हणजे तोटा फक्त 6,000. ‘54,000 ने कमी करावी’ म्हणजे तोटा 54,000 आणि यंत्रसामग्री उरते अवघी 6,000 ची. दोन्ही वाचनांत पुढचे सगळे आकडे व्यवस्थित जुळतात, त्यामुळे कोणते बरोबर हे ताळेबंदावरून कळत नाही. तो शब्द दिसलाच पाहिजे.

असाच एक फसवा शब्दप्रयोग इमारतीबाबत येतो. ‘इमारत 20 टक्क्यांनी वाढवा’ असेल तर ती 1,20,000 होते. पण ‘पुस्तकात इमारत 20 टक्के कमी किमतीला दाखवली आहे’ असे म्हटले असेल, तर 1,00,000 ही खऱ्या किमतीच्या 80 टक्के रक्कम ठरते आणि खरी किंमत 1,25,000 निघते. आपल्या गणितात पहिला प्रकार आहे.

मालमत्तेची किंमत पुन्हा ठरवायची कशासाठी?

समजा हे केलेच नाही. इमारत पुस्तकात 1,00,000 लाच राहिली आणि वर्षभराने ती 1,20,000 ला विकली गेली. वर आलेले 20,000 तेव्हा नव्या प्रमाणात वाटले जातील आणि सतीशला त्यातले 4,000 मिळतील. ही वाढ तो येण्यापूर्वीच्या काळातली आहे, तिच्यात त्याचा पैसा नव्हता की मेहनत नव्हती. उलट बाजूही आहेच. नोंद न केलेले वीजबिल पुढच्या वर्षी भरले, तर त्याच्या खर्चातले 600 रुपये सतीशच्या माथी बसतील, वीज मात्र इतरांनी वापरलेली. भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 31 मध्येही, भागीदार होण्यापूर्वी संस्थेने केलेल्या व्यवहारांची जबाबदारी केवळ प्रवेशामुळे नव्या भागीदारावर येत नाही, असेच तत्त्व आहे. म्हणून त्याने उंबरठा ओलांडण्यापूर्वी जुना हिशेब जुन्यांनी आपसांत मिटवायचा. त्यासाठी उघडतात ते पुनर्मूल्यांकन खाते. काही पुस्तकांत त्यालाच नफातोटा समायोजन खाते म्हणतात.

खात्याचा नियम लहान आहे. मालमत्तेची घट आणि देण्याची वाढ नावे बाजूला, मालमत्तेची वाढ आणि देण्याची घट जमा बाजूला.

जमा बाजूला एकच नोंद: इमारत 20,000.

नावे बाजूला यंत्रसामग्री 6,000, मालसाठा 4,000 (44,000 चे 40,000 झाले), संशयित कर्ज निधी 2,000 आणि देणे वीजबिल 3,000. एकूण 15,000.

इथे सगळ्यात जास्त चुका संशयित कर्ज निधीत होतात. विद्यार्थी त्याला आर.डी.डी. म्हणतात. 40,000 च्या 10 टक्के म्हणजे 4,000, आणि तेच सरळ तोट्यात लिहिले जातात. पण 2,000 चा निधी ताळेबंदात आधीच वजा केलेला आहे. त्यामुळे आणखी फक्त 2,000 लागतात. पुनर्मूल्यांकन खात्यात हा फरक येतो आणि नव्या ताळेबंदात मात्र पूर्ण 4,000 वजा होतात. एकाच बाबीचे दोन ठिकाणी दोन आकडे, म्हणून गोंधळ.

जमा 20,000, नावे 15,000. म्हणजे 5,000 नफा. तो जुन्या 3:2 या प्रमाणात वाटायचा: माधवला 3,000, केशवला 2,000. सतीशला काही नाही.

राखीव निधीकडे दुर्लक्ष का होते?

अटींमध्ये त्याचा उल्लेख नसतो, म्हणून. 20,000 रुपयांचा सर्वसाधारण राखीव निधी ताळेबंदात शांतपणे बसलेला असतो आणि सोडवणाऱ्याची नजर अटींवर असते. वास्तविक हा निधी म्हणजे मागच्या वर्षांत न वाटता बाजूला ठेवलेला नफाच. तोही जुन्या भागीदारांचा आणि जुन्या प्रमाणात: माधवला 12,000, केशवला 8,000. ताळेबंदात मागचा साचलेला तोटा असता, तर तो याच प्रमाणात दोघांच्या भांडवलातून वजा झाला असता. सांगितले नसले तरी ही वाटणी करायचीच. निधी तसाच ठेवा असे गणितात स्पष्ट म्हटले असेल, तेवढाच अपवाद.

ख्याती किती आणि तिचे पैसे कोणाला?

ख्याती म्हणजे गुडविल, संस्थेचा नावलौकिक. रोजच्या भाषेत, त्याच जागी त्याच मालाचे नवे दुकान थाटणाऱ्याला जे गिऱ्हाईक मिळायला वर्षे लागतील, ते जुन्या दुकानाकडे आधीच असते. त्याची ही किंमत. भागीदारी कायद्याच्या कलम 14 नुसार ख्याती ही संस्थेच्या मालमत्तेचाच भाग आहे. मात्र स्वतः कमावलेली ख्याती मालमत्ता म्हणून पुस्तकात चढवायची नाही, असे लेखामानक 26 सांगते. त्यामुळे या गणिताच्या नव्या ताळेबंदात ख्याती दिसणार नाही. दिसेल ती तिच्यापोटी आलेली रोकड.

आधी मूल्य. चार वर्षांचे आकडे 44,000 अधिक 52,000 अधिक 70,000, वजा 6,000, म्हणजे 1,60,000. भागायचे चारनेच, तोट्याचे वर्ष गाळून तीनने भागणे चूक. सरासरी 40,000, तिची दुप्पट 80,000. ही झाली संपूर्ण संस्थेची ख्याती. सतीशचा वाटा 2/10, म्हणजे एक पंचमांश. तो आणणार 16,000. घाईत 80,000 हीच त्याने आणायची रक्कम समजणारेही कमी नाहीत.

आता मुख्य प्रश्न. हे 16,000 माधव आणि केशव यांच्यात कसे वाटायचे? सवयीने हात 3:2 कडे जातो. पण हे पैसे कशाचे आहेत ते पाहिले पाहिजे. पुनर्मूल्यांकनाचा नफा आणि राखीव निधी हे मागच्या काळाचे आहेत, तेव्हा प्रमाण 3:2 होते, म्हणून ते 3:2 ने वाटले. ख्यातीचे पैसे मात्र पुढच्या काळाचे आहेत. इथून पुढे प्रत्येक वर्षीच्या नफ्यातला काही हिस्सा जुने भागीदार सतीशसाठी सोडणार आहेत, त्याची ही भरपाई. साहजिकच ज्याने जेवढे सोडले त्याला तेवढे. यालाच त्यागाचे प्रमाण म्हणतात आणि ते काढायची रीत एका ओळीची: जुना वाटा वजा नवा वाटा.

माधवचा जुना वाटा 3/5, म्हणजे 6/10, नवा 5/10. त्याने सोडला 1/10.

केशवचा जुना वाटा 2/5, म्हणजे 4/10, नवा 3/10. त्यानेही सोडला 1/10.

म्हणजे त्यागाचे प्रमाण 1:1 आणि ख्यातीचे प्रत्येकी 8,000. ते 3:2 ने वाटले असते तर माधवला 9,600 आणि केशवला 6,400 मिळाले असते. दोघांनी सारखाच वाटा सोडला असताना केशवचे 1,600 रुपये माधवकडे गेले असते. कागदावर ही गुणांची चूक. खऱ्या दुकानात हे भांडणाचे कारण.

कधी कधी त्यागाचे प्रमाण आणि जुने प्रमाण एकच निघते. ‘नव्या भागीदाराला एक पंचमांश वाटा दिला’ एवढेच सांगून नवे प्रमाण दिलेले नसते, तेव्हा जुने दोघे उरलेला चार पंचमांश आपल्याच 3:2 प्रमाणात वाटून घेतात असे धरतात. अशा वेळी त्यागही 3:2 च येतो. अशी दहा गणिते लागोपाठ सोडवली की ‘ख्याती जुन्या प्रमाणात’ ही चुकीची सवय पक्की होते. नवे प्रमाण गणितात वेगळे दिलेले दिसले, की थांबून वजाबाकी करायलाच हवी.

आकडे आता कुठे येऊन पोहोचतात?

माधवचे भांडवल: 1,20,000 अधिक राखीव निधी 12,000 अधिक पुनर्मूल्यांकन नफा 3,000 अधिक ख्याती 8,000, म्हणजे 1,43,000.

केशवचे भांडवल: 80,000 अधिक 8,000 अधिक 2,000 अधिक 8,000, म्हणजे 98,000.

सतीशचे भांडवल: 60,000. ख्यातीचे 16,000 त्याच्या खात्यात शिल्लक राहत नाहीत, ते जुन्या दोघांकडे जातात.

बँक: 38,000 अधिक 60,000 अधिक 16,000, म्हणजे 1,14,000.

1 एप्रिलचा नवा ताळेबंद मग असा तयार होतो. देयता: धनको 48,000, देय विपत्र 12,000, देणे वीजबिल 3,000, भांडवल 1,43,000, 98,000 आणि 60,000. एकूण 3,64,000. मालमत्ता: इमारत 1,20,000, यंत्रसामग्री 54,000, मालसाठा 40,000, ऋणको 40,000 वजा निधी 4,000, म्हणजे 36,000, बँक 1,14,000. एकूण 3,64,000.

जुळला नाही तर चूक कुठे शोधायची?

फरकाचा आकडा बरेच काही सांगतो. देयता बाजू 2,000 ने कमी भरली, तर संशयित कर्ज निधीचे पूर्ण 4,000 तोट्यात गेले असण्याची शक्यता मोठी. फरक 12,000 आला, तर त्याचा अर्धा करून पाहावा: 6,000, म्हणजे यंत्रसामग्रीची घट जमा बाजूला लिहिली गेली. चुकीच्या बाजूला लिहिलेल्या रकमेचा फरक नेहमी दुप्पट पडतो. फरक 3,000 असेल, तर वीजबिल एका जागी लिहिले आणि दुसऱ्या जागी विसरले. मालमत्ता बाजू 16,000 ने कमी असेल, तर ख्यातीची रक्कम भांडवलात आली, पण बँकेत धरायची राहिली.

या चुका निदान ओरडून सांगतात. गप्प बसणाऱ्या चुकांचे काय? ख्याती 3:2 ने वाटली तर माधवचे भांडवल 1,44,600 आणि केशवचे 96,400 येते. बेरीज तीच 2,41,000, ताळेबंद 3,64,000 वर जुळतो. पुनर्मूल्यांकनाचे 5,000 नव्या 5:3:2 प्रमाणात वाटून सतीशला 1,000 दिले, तरी जुळतो. राखीव निधी न वाटता तसाच नव्या ताळेबंदात उतरवला, तरी जुळतो. फक्त त्या 20,000 मधल्या 4,000 वर सतीशचा नसलेला हक्क तयार होतो. ताळेबंद एकूण रकमा तपासतो. कोणाचे किती, हे तपासणे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे.

म्हणून अशा गणिताला वेगळी पडताळणी लागते. सतीशने आणलेले भांडवलाचे 60,000 आणि त्याच्या खात्यातली शेवटची शिल्लक सारखी आहे का, हे पाहावे. सारखी नसेल, तर जुन्यांचे काही त्याच्याकडे गेले किंवा त्याचे काही त्यांच्याकडे. मग जुन्या दोघांच्या भांडवलात पडलेली भर मोजावी: माधवची 23,000, केशवची 18,000. यातून ख्यातीचे प्रत्येकी 8,000 काढले, की उरतात 15,000 आणि 10,000. हे बरोबर 3:2 आहे. तसे आले नाही, तर प्रमाणांची कुठेतरी अदलाबदल झाली आहे.

सतीशने ख्यातीचे पैसे आणलेच नाहीत तर?

परीक्षेत हा प्रकारही येतो आणि व्यवहारात तर सर्रास घडतो. ‘ख्यातीचा वाटा रोख आणण्यास तो असमर्थ आहे’ असे वाक्य फोटोत दिसले, की 16,000 सतीशच्या भांडवल खात्याला नावे टाकायचे आणि माधव-केशव यांच्या खात्यांना प्रत्येकी 8,000 जमा करायचे. त्यागाचे प्रमाण बदलत नाही, जुन्या दोघांची भांडवलेही 1,43,000 आणि 98,000 च राहतात. सतीशचे भांडवल मात्र 44,000 वर येते, बँक 98,000 वर आणि ताळेबंद 3,48,000 वर. वरच्या पडताळणीत तेव्हा 60,000 ऐवजी 44,000 हा आकडा शोधायचा. वाटा रोख आणून जुन्या भागीदारांनी ती रक्कम लगेच काढून घेतली असे असेल, तर सतीशचे 60,000 कायम राहतात आणि माधव-केशव यांच्या भांडवलातून प्रत्येकी 8,000 कमी होऊन 1,35,000 आणि 90,000 उरतात. अर्धीच रक्कम काढली असेल, तर प्रत्येकी 4,000 कमी करायचे. फोटोतल्या त्या ओळीत ‘अर्धी’ हा शब्द आहे की नाही, तेवढे मात्र मोठे करून पाहावे लागते.